कुंडीतली झाडं आणि कापलेली फुलं: नर्सरीच्या कॅटलॉगसाठी फोटो कसे काढावेत

नर्सरीवाले व्हॉट्सॲपवर टाकतात ते फोटो आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचलेलं झाड यांत फरक पडतो, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. पानं फोटोत पोपटी आणि प्रत्यक्षात गडद निघतात, कुंडी फोटोत हंड्याएवढी आणि हातात आल्यावर तांब्याएवढी. यात बहुतेकांची लबाडी नसते, कामाचा क्रम चुकलेला असतो. फोटो आधी काढला जातो, तयारी नंतर आठवते आणि मग रंग सुधारायला ॲप उघडलं जातं. खालची पद्धत साध्या मोबाइलसाठी आहे. खर्च एका पांढऱ्या चादरीचा आणि दोन चार्टपेपरांचा.

टप्पा १ : आदल्या दिवशीची तयारी

फोटोचं अर्धं काम आदल्या संध्याकाळीच उरकतं. ज्या झाडांचे फोटो काढायचे ती बाजूला काढा आणि सूर्य मावळायच्या सुमारास त्यांना भरपूर पाणी द्या. रात्रभरात पानं पाण्याने भरतात, देठ ताठ होतात. सकाळी घाईघाईत पाणी घालून लगेच फोटो काढला, तर पानं तशीच मलूल राहतात आणि माती तेवढी चिखलासारखी चकाकते. मातीची कुंडी तर अर्धी ओली अर्धी कोरडी होऊन डाग पडल्यासारखी दिसते.

फोटोसाठी झाड नव्या कुंडीत हलवायचं असेल, तर ते आठ-दहा दिवस आधी करा. मुळं दुखावलेलं झाड तीन-चार दिवस मान टाकून असतं. त्या दिवसांतला फोटो कितीही चांगल्या उजेडात काढला, तरी पाहणाऱ्याला काहीतरी बिनसलंय हे कळतं. माती काठापासून साधारण एक इंच खाली ठेवा. काठोकाठ भरलेली कुंडी फोटोत खोटी वाटते, कारण तिला पाणी घालायला जागाच नाही हे झाडं सांभाळणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

कोणतं झाड किती वाजता उभं करायचं, हेही आदल्या दिवशीच लिहून ठेवा. जास्वंद सकाळी उमलते आणि तिची बहुतेक फुलं संध्याकाळपर्यंत मिटतात. ऑफिस टाइम नावाच्या फुलझाडाला उमलायला ऊन लागतं, सकाळी सातला गेलात तर नुसत्या मिटलेल्या कळ्या दिसतील. मोगरा संध्याकाळी उमलतो. सगळी झाडं एकाच तासात उरकायला गेलात, तर निम्मी मिटलेली मिळतील. फुलांची झाडं त्यांच्या वेळेला घ्या आणि नुसत्या पानांची झाडं मधल्या वेळात.

> तपासा : सकाळी पानाला खालून बोटाने हलका टेका द्या. पान ताठ राहिलं तर झाड तयार आहे. लोळलं तर आज त्याचा फोटो नको.

टप्पा २ : हिरव्या जाळीखालून बाहेर या

सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आपल्याकडे बहुतेक नर्सऱ्या हिरव्या शेडनेटखाली असतात. जाळीतून येणारा उजेड डोळ्याला गारवा देतो, पण त्यात हिरवा रंग मिसळलेला असतो. आपल्या मेंदूला त्याची सवय होते आणि पांढरी कुंडी आपल्याला पांढरीच दिसते. मोबाइल मात्र अंदाजाने रंग जुळवतो. कधी तो हिरवा तसाच सोडतो, मग पांढऱ्या वस्तू हिरवट येतात. कधी हिरवा कापायला जातो, मग पानं राखाडी आणि फुलं जांभळट होतात. एकाच ओळीतल्या दोन फोटोंत दोन वेगळे रंग येतात ते यामुळेच.

मी स्वतः हे नुकसान सोसलं आहे. जाळीखाली काढलेल्या फोटोत आमची पांढरी प्लास्टिकची कुंडी फिकट पुदिन्याच्या रंगाची आली होती. नाशिकच्या एका ताईंनी तशा सहा कुंड्या मागवल्या. पांढऱ्या पोचल्यावर त्यांनी फोटो पुढे केला. त्यांचं बरोबर होतं. सहाही कुंड्या परत आल्या, त्यातल्या दोन फुटून.

म्हणून झाड जाळीबाहेर काढा, पण थेट उन्हात ठेवू नका. भिंतीच्या उत्तरेकडची सावली सर्वांत उत्तम. आकाश मोकळं दिसावं आणि ऊन अंगावर पडू नये, अशी जागा शोधा. तशी भिंत नसेल तर चार बांबूंवर पांढरी सुती चादर ताणा आणि तिच्याखाली झाड ठेवा. झाडाखालची सावली चालत नाही, कारण पानांमधून कवडसे पडतात आणि कुंडीवर पांढरे ठिगळ लावल्यासारखे दिसतात. शेजारची भिंत हिरवी, निळी किंवा गडद पिवळी रंगवलेली असेल तर तिच्यापासून दहा-बारा फूट लांब राहा. तिचा रंग कुंडीच्या बाजूवर चढतो.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. तेव्हा वाराही कमी असतो. पावसाळ्यात पाऊस थांबलेला ढगाळ दिवस मिळाला तर दुपारीसुद्धा काम होतं.

> तपासा : कोऱ्या कागदाचा एक ताव झाडाशेजारी धरून एक फोटो घ्या. कागद पडद्यावर पांढरा दिसतोय का? हिरवट किंवा निळसर दिसला तर जागा बदला. जागा बदलणं शक्य नसेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स हाताने लावा, सावलीत साधारण ६५०० ते ७००० च्या आसपास, आणि त्या जागेवरचे सगळे फोटो त्याच आकड्यावर काढा.

टप्पा ३ : पानं

पानं पुसायला स्वच्छ पाण्यात पिळलेलं सुती फडकं पुरतं. एक तळहात पानाखाली धरा आणि देठाकडून टोकाकडे पुसत जा. आधार न देता ओढलंत तर पान मधोमध मुडपतं, आणि ती पांढरट घडी पुन्हा जात नाही. बोअरच्या पाण्याने क्षाराचे पांढरे ठिपके पडले असतील तर पाण्यात लिंबाचे थोडे थेंब टाका, पुसून झाल्यावर साध्या पाण्याचा हात फिरवा. आफ्रिकन व्हायोलेट किंवा रेक्स बिगोनियासारख्या लवदार पानांना ओलं फडकं लावू नका. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश वापरा.

खोबरेल तेल, दूध किंवा चकाकी आणणारा फवारा लावायची सवय सोडा. तेलाने पानांची छिद्रं बुजतात आणि दोन दिवसांत त्यावर दुप्पट धूळ बसते. शिवाय तेलकट पान आभाळ परावर्तित करतं आणि फोटोत त्या जागी पांढरा पट्टा येतो. पान चमकवायला गेलात की पानाचा रंगच हरवतो.

खराब पानांबद्दल माझा एक नियम आहे : गिऱ्हाइकाला पाठवण्यापूर्वी जे पान काढाल तेच फोटोपूर्वी काढा, त्याहून जास्त एकही नाही. खालचं पिवळं पान काढा. अरेकाच्या पात्यांची टोकं वाळली असतील तर कात्रीने टोकदार आकारातच कापा आणि कापताना वाळलेल्या भागाची बारीकशी कड शिल्लक ठेवा. हिरव्यात कापलंत तर पातं कडेने पुन्हा वाळतं, आणि सरळ आडवं कापलंत तर फोटोत लगेच ओळखू येतं. एखादं वाकडं, जरा लहान मोठं पान मात्र राहू द्या. झाडाचा अस्सलपणा त्यातच दिसतो.

आता झाडाचं तोंड शोधा. झाड ज्या बाजूने उजेड खात होतं, तिकडे पानांचे चेहरे वळलेले असतात. कुंडी हळूहळू गोल फिरवा. एका बाजूने पानांच्या पाठी आणि देठ दिसतील, दुसऱ्या बाजूने पानांचे माथे. तीच पुढची बाजू. कुंडीच्या काठावर त्या जागी खडूची छोटी खूण करा, म्हणजे हलवाहलवीत ती हरवणार नाही. फोटोआधी खूण पुसा.

> सावध : पाण्याचे थेंब शिंपडून काढलेला फोटो छान दिसतो, पण थेंबांखाली पानावरचे डाग, रोग आणि खरा पोत झाकला जातो. विक्रीच्या फोटोत थेंब नकोत.

टप्पा ४ : कुंडी

मातीच्या कुंडीवरचा पांढरा क्षार काथ्याने कोरडाच घासून काढा. धुवायचीच असेल तर आदल्या दिवशी धुवा, म्हणजे सकाळपर्यंत तिचा रंग एकसारखा होईल. प्लास्टिकच्या कुंडीवरची किमतीची चिठ्ठी आणि तिच्या गोंदाचा चिकट डाग आधीच काढा. नंतर ॲपमध्ये पुसायला गेलात की कुंडीचा पोत त्या जागी गुळगुळीत होतो आणि कुंडी चित्रातली वाटू लागते.

कुंडी भोपळ्यासारखी फुगलेली किंवा खाली एकदम निमुळती दिसते, त्याचं कारण म्हणजे आपण फार जवळ जातो. एक-दीड फुटावरून साध्या लेन्सने फोटो काढला की जवळचा काठ मोठा येतो, बूड बारीक होतं आणि पुढची पानं कुंडीपेक्षा मोठी दिसतात. उपाय सोपा आहे. मागे सरा. कुंडी धरून दोन फूट उंच झाड असेल तर पाच-सहा फुटांवर उभे राहा आणि २x वर फोटो काढा. फोनला २x ची वेगळी लेन्स नसेल तर तेवढ्याच लांबून १x वर काढून नंतर कडा कापा. आकार तरीही खराच येईल, कारण आकार अंतरावर ठरतो.

दुसरी चूक उभं राहून, फोन खाली झुकवून फोटो काढण्याची. कुंडी टेबलावर किंवा दोन स्टुलांवर ठेवलेल्या फळीवर ठेवा. फोनची उंची कुंडीसकट झाडाच्या मध्यावर आणा आणि फोन सरळ उभा धरा, पुढे मागे कलू देऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करा. बरोबर जमलं की कुंडीचा काठ एका अरुंद लंबगोलासारखा दिसतो आणि माती थोडीशीच दिसते. लंबगोल फार उघडा दिसला तर तुम्ही वर आहात. काठ नुसती सरळ रेघ झाला तर तुम्ही खाली आहात.

मापासाठी नर्सरीतला इंच म्हणजे कुंडीच्या वरच्या तोंडाचा व्यास, हे गिऱ्हाइकाला माहीत असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक झाडाचा एक फोटो काठावर आडवी फूटपट्टी ठेवून काढा, आणि एक फोटो शेजारी एक लिटरची पाण्याची बाटली ठेवून. बाटली प्रत्येकाने हाताळलेली असते, त्यामुळे झाडाचा अंदाज लगेच येतो.

झाड काळ्या पिशवीतून जाणार असेल तर पहिला फोटो पिशवीसकटच हवा. सिरॅमिकच्या कुंडीत ठेवलेला शोभेचा फोटो दुसरा टाका आणि त्याखाली कुंडीची किंमत वेगळी लिहा. ही एक सवय लावल्यापासून माझ्याकडच्या तक्रारी सर्वांत जास्त कमी झाल्या.

> सावध : पार्श्वभूमी काढून टाकणारं ॲप अरेका, शतावरी, नेचा अशा बारीक पात्यांच्या झाडांची टोकं खातं आणि पानांभोवती पांढरी कड सोडतं. कुंडीखालची सावलीही पुसली जाते आणि कुंडी हवेत तरंगते. मागे आधीच फिकट राखाडी चार्टपेपर लावा, खाली कडप्पा किंवा शहाबादी फरशी ठेवा. मग काही काढायची गरजच उरत नाही.

टप्पा ५ : एक झाड सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पीस लिली घेऊ, सहा इंची पांढऱ्या कुंडीतली. पांढरं फूल, गडद चकचकीत पानं आणि पांढरी कुंडी असं त्रिकूट असल्याने चुका लगेच उघड्या पडतात.

उत्तरेच्या सावलीत टेबल मांडलं, मागे फिकट राखाडी कागद लावला. पांढऱ्यामागे पांढरा कागद लावला असता तर कुंडीची कड हरवली असती. झाडाचं तोंड पुढे केलं आणि पाच फुटांवर स्टूल घेऊन बसलो. कॅमेऱ्याची रंग चढवणारी सोय, म्हणजे दृश्य ओळखून हिरवा गडद करणारी, आधी बंद केली. ती चालू राहिली तर प्रत्येक झाड प्लास्टिकचं दिसतं.

पहिला फोटो काढला. पानं छान आली, फूल मात्र पांढऱ्या कागदाच्या कपट्यासारखं, त्यावरची एकही शीर दिसेना. कॅमेरा गडद पानांकडे पाहून उजेड वाढवतो, त्यात पांढरं जळतं. फुलावर बोट टेकवलं, उजेडाची पट्टी किंचित खाली ओढली, साधारण उणे अर्ध्यापर्यंत. आता फुलाच्या शिरा दिसल्या, कुंडीची गोलाईही दिसली. पानं थोडी गडद झाली, ते चालतं. गडद पान नंतर थोडं उजळता येतं, जळलेलं पांढरं परत आणता येत नाही.

उरली दोन पानांवरची आभाळाची चकाकी. कुंडी दहा अंश फिरवल्यावर एक गेली. दुसरीसाठी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवली. एका कोनात पांढरा पट्टा विरला आणि खालचा हिरवा वर आला. गॉगलच्या काचेने रंग थोडा बदलतो, म्हणून शेजारी कोरा कागद धरून तोही एक फोटो घेतला. शेवटी क्रमाने पाच फोटो काढले : पूर्ण झाड, फूटपट्टीसह काठ, बाटलीसह, एका पानाचा जवळून आणि वरून मातीचा. एका झाडाला दहा मिनिटं लागली.

टप्पा ६ : कापलेली फुलं

इथे घाई आणखी नडते, कारण बाजारातून आलेलं फूल तहानलेलं असतं. मार्केट यार्डातून आणलेली गड्डी तशीच टेबलावर मांडून फोटो काढू नका. आधी दांड्याचं खालचं टोक धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा आणि स्वच्छ बादलीत, सावलीत, दोन-तीन तास ठेवा.

जरबेराचं तेवढं वेगळं. त्याचा दांडा लवदार आणि आतून पोकळ असतो, खोल पाण्यात तो लवकर कुजतो. तीन-चार इंच पाणी पुरे. मान वाकलेली असेल तर फुलाखालून जाळीचा आधार देऊन दांडे पाण्यात सरळ लोंबू द्या, दोन तासांत बरेच ताठ होतात. ग्लॅडिओलस कधी आडवा ठेवू नका. त्याचं टोक वरच्या दिशेला वळतं, आणि तो बाक नंतर जात नाही.

फुलाची अवस्था लपवू नका, ही या टप्प्यातली मुख्य गोष्ट. डच गुलाब विकला जातो कळीत, फोटो मात्र लोक पूर्ण उमललेल्याचा टाकतात. गुलछडीच्या आणि ग्लॅडिओलसच्या काडीवर फुलं खालून वर उमलत जातात, पाठवताना खालची एक-दोनच उघडलेली असतात. म्हणून दोन फोटो काढा. पहिल्याखाली लिहा ‘पोचेल तेव्हा’, दुसऱ्याखाली ‘दोन-तीन दिवसांनी’. गड्डीत किती नग आहेत ते दांडे मोजता येतील असे पंख्यासारखे पसरून एका फोटोत दाखवा.

लाल गुलाब मोबाइलला जड जातो. सगळ्या पाकळ्या मिळून एक लाल गोळा दिसतो. वर सांगितल्याप्रमाणे उजेड खाली ओढा, पाकळीपाकळीतली सावली दिसेपर्यंत. गुलाबाच्या बाहेरच्या दोन-तीन जाड, हिरवट, चिरलेल्या पाकळ्या दिसल्या तर फोटोआधी अलगद काढा. त्या कळीच्या राखणीच्या पाकळ्या असतात, घरी गेल्यावर गिऱ्हाईकही काढतं.

> तपासा : दांडा काचेच्या बरणीत ठेवला असेल तर पाणी ताजं आहे का पाहा. गढूळ पाणी आणि त्यात बुडालेलं एक पान फोटोत फुलाच्या आधी दिसतं.

टप्पा ७ : निवड आणि पाठवणी

फोटो निवडायला झाडाजवळच बसा. फोनचा उजेड मध्यम ठेवा, फोन झाडाशेजारी धरा आणि पानाचा रंग डोळ्याने जुळवा. घरी जाऊन आठवणीवर रंग जुळवला की तो नेहमी भडक होतो. बदल करायचे ते तीनच : उजेड, व्हाइट बॅलन्स आणि कडा कापणं. सॅच्युरेशनला हात लावू नका.

कॅटलॉगमध्ये फोटो चौकोनी कापला जातो, म्हणून काढतानाच चारही बाजूंनी जागा सोडा, नाहीतर नेमकं कुंडीचं बूड कापलं जातं. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा, साध्या पाठवणीत नेच्याची बारीक पाती एकमेकांत मिसळून जातात.

फोटोच्या नावात झाड, कुंडीचं माप आणि महिना लिहा : पीसलिली_६इंच_जुलै. पावसाळ्यातलं झाड भरलेलं असतं, एप्रिलमधलं तेच झाड आखडलेलं, आणि क्रोटनच्या पानांचे रंग तर त्याला मिळालेल्या उन्हावर बदलतात. मी दर तीन महिन्यांनी फोटो बदलतो, आणि मधल्या काळात एखादा लॉट वेगळा निघाला तर त्याच दिवशी.